प्रतिसाद: बाबांना पत्रात नेमकं काय लिहावं

> "बाबांच्या पाठीवरची गाठ वाढतेय. 'दुखत नाही ना, मग कशाला डॉक्टर?' म्हणतात. इतक्या लांबून पत्रात काय लिहू?"

वरच्या एका प्रतिसादात पत्रात कॅन्सरची लक्षणं लिहायला सांगितलंय, पण त्याआधी त्यांच्या 'दुखत नाही'ला उत्तर द्या. त्वचेचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, त्यामुळे न दुखणं हा दिलासा नव्हे. दुसरं, 'कडा वेडीवाकडी, रंग अनेक' ही नेहमीची खूण इथे फसवू शकते. नोड्युलर मेलानोमा हा त्वचेच्या कॅन्सरचा झपाट्याने वाढणारा प्रकार गोल, एकाच रंगाचा, कधी नुसता गुलाबीही असतो. त्याची ओळख वेगळी: उंचवटा, हाताला टणक आणि सतत वाढणारा.

म्हणून भीती घालण्यापेक्षा मोजमाप लिहा: "बाबा, मार्चच्या फोटोत ती ५ मिलिमीटर होती, मेमध्ये ८. दोन्ही फोटोंत शेजारी पट्टी आहे, तुम्हीच पाहा. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हे फोटो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका." जुना फोटो नसेल तर नवीन काढून तुलनेसाठी थांबू नका, वाढ दिसली आहे, तेवढं पुरे.

एक वाक्य मात्र ठळक लिहा: गाठ जाळून किंवा लेझरने काढू देऊ नका. मेलानोमा असेल तर पुढचे उपचार तो किती मिलिमीटर खोल गेलाय यावर ठरतात. जाळल्यावर ते मोजायला काहीच उरत नाही. त्याऐवजी जागा बधिर करून गाठ कापून काढतात, मग ती तपासणीला पाठवतात. तो अहवाल मागून घ्यायला सांगा.