उत्तर: डब्ल्यू-३२० काजू ओळखायचा कसा?

> "पाकिटावर डब्ल्यू-३२० लिहिलंय, पण काजू बारीक वाटतात. फसवणूक आहे का?"

मोजून बघा. हा आकडा किलोचा नाही, एका पौंडात जास्तीत जास्त किती अख्खे काजूगर बसतात त्याचा आहे. म्हणून आकडा वाढतो तसा गर लहान होतो. डब्ल्यू-३२० म्हणजे किलोला साधारण ६६० ते ७०६ गर, पाव किलोच्या पाकिटात १६५ ते १७७. मी मागे एका दुकानातून हाच ग्रेड आणला, तर पाव किलोत २०० गर निघाले! किलोला ८००, म्हणजे सरळ डब्ल्यू-४००. तुकडे मात्र मोजणीत धरू नका, ते आधी वेगळे काढून उरलेल्याचं वजन करा.

ओलावा ५ टक्क्यांच्या आत हवा. कोरडा गर कट्‌कन मोडतो, ओलावलेला चिवट लागतो आणि त्याला बुरशी लवकर धरते.

पॅकिंगच्या तारखेवर मात्र पूर्ण विसंबू नका. कोकणातली काजू बी मुख्यतः मार्च ते मेमध्ये येते, आणि डबा फोडून माल पुन्हा पाकिटात भरला की तारीख नवी पडते. दोन गर चावून बघा. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर माल परत करा.