मदत हवी आहे: डॉगलेग जिन्याच्या रेंडरमध्ये रेलिंग तुटतंय, आणि एकाच फ्लाइटखाली सावलीचे पट्टे येतात

मृदुला_मुलुंड

नमस्कार मंडळी. मुलुंडच्या एका डुप्लेक्स फ्लॅटचा जिना ब्लेंडरमध्ये रेंडर करतेय. फिनिश्ड फ्लोअर ते फिनिश्ड फ्लोअर 3150 मिमी. 175 चे 18 रायझर, म्हणजे नऊ-नऊच्या दोन फ्लाइट आणि मधे लँडिंग. ट्रेड 250, फ्लाइटची रुंदी 900, लँडिंगची खोली 1000. रायझर उघडे आहेत, सागवानाच्या 40 मिमी जाड फळ्या लोखंडी स्ट्रिंगरवर बसणार आहेत. पश्चिमेला दुमजली उंचीची खिडकी आहे. खालची फ्लाइट खिडकीकडे पाठ करून पूर्वेला चढते, वरची खिडकीकडे तोंड करून परत येते.

अडचणी तीन आहेत. पायऱ्या बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण बोट ठेवता येत नाही. लँडिंगवर हँडरेल एकदम वर उडी मारतो, तिथे मी उभा तुकडा घालून जोडलाय आणि तो फार वाईट दिसतो. तिसरी अडचण क्लायंटने दाखवली. खालच्या फ्लाइटच्या सावलीत पुसट पट्टे आहेत, पण वरच्या फ्लाइटची सावली लँडिंगखालच्या भिंतीवर नुसता काळा डाग होऊन पडते. रायझर उघडे असताना मधून ऊन का येत नाही, असं ते विचारतात. परवा प्रेझेंटेशन आहे.

रेंडरवेडा

सावलीचं सांगतो. Sun चा Angle किती ठेवलाय? बहुतेक जण सावली मऊ दिसावी म्हणून तो वाढवतात. खरा सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. 0.53 टाका, दोन्हीकडे पट्टे येतील.

मृदुला_मुलुंड

10 होता! 0.53 केला. खालच्या फ्लाइटचे पट्टे स्वच्छ आले. वरच्या फ्लाइटचा डाग मात्र तसाच आहे, फक्त त्याची कड धारदार झाली.

लालबागकर

आमच्या चाळीचा लाकडी जिना इतका उभा आहे की आई उतरताना उलटी, शिडीसारखी उतरते. उघड्या पायऱ्या म्हटल्यावर तोच डोळ्यांसमोर आला. तिच्यासाठी कठडा किती उंचीवर लावावा? एका बाजूला भिंत आहे.

सुतारपक्षी

लालबागकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण थांबवून ठेवण्यासारखा नाही. भिंतीच्या बाजूला, पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर साधारण 900 मिमीवर गोल दांडा लावा. आईंच्या हाताला तो जड जातो की सोपा, हे भोक पाडण्याआधी त्यांना उभं करून बघा. वरच्या पायरीशी दांडा संपवू नका, वीतभर पुढे न्या, कारण पहिलं पाऊल टाकतानाच आधार लागतो. भिंत जुनी असेल तर नुसत्या गिलाव्यात अडकवू नका.

मृदुलाताई, आधी पायऱ्या. फळी किती लांबीची घेतलीत, आणि Array ला कोणता ऑफसेट दिलात?

मृदुला_मुलुंड

फळी 280 ची. 30 मिमी वरच्या पायरीखाली जावी म्हणून. Relative Offset, X ला 1. पण फ्लाइट लँडिंगच्या आत घुसत होती, म्हणून X मध्ये थोडी दाबून बसवली.

सुतारपक्षी

तिथेच चुकलं. Relative Offset वस्तूच्या स्वतःच्या मापावर चालतो. फळी 280 ची, म्हणून पाऊलही 280 चं झालं. आठ पावलांत 240 मिमी जास्त, म्हणून फ्लाइट लँडिंगमध्ये शिरली. ती दाबल्यावर पाऊल 250 झालं खरं, पण फळीही 250 ची झाली. म्हणजे 30 चा ओव्हरलॅप गेला आणि वरून बघताना दोन पायऱ्यांमधली फट थेट दिसायला लागली. डोळ्याला खटकतंय ते हेच असणार. शिवाय रेलिंगचे गोल बार याच वस्तूत असतील तर तेही दाबून अंडाकृती झाले असतील. फळी परत 280 ची करा, Ctrl+A ने स्केल लावून टाका आणि Relative Offset बंद करून हे द्या:

```
Constant Offset   X 0.25   Y 0   Z 0.175
```

स्केल लावायचं विसरू नका, नाहीतर हा ऑफसेटही त्या स्केलने गुणला जातो. तुमचं गणित चांगलं आहे, दोन रायझर अधिक एक ट्रेड बरोबर 600. फक्त मॉडेलने ते पाळलं नव्हतं.

आता हँडरेल. तुमच्या खालच्या फ्लाइटचा शेवटचा रायझर आणि वरच्या फ्लाइटचा पहिला रायझर लँडिंगच्या एकाच रेषेवर आहेत ना? मग उडी येणारच, आणि ती बरोबर एका रायझरची, 175 ची असणार. खालून येणारा दांडा त्या रेषेवर लँडिंगच्या पातळीचा हिशोब धरून पोचतो, वर जाणारा त्याच रेषेवर एक पायरी वरून सुरू होतो. यावर दोन उपाय आहेत. वरची फ्लाइट एक ट्रेड, म्हणजे 250, खिडकीकडे सरकवा, दोन्ही दांडे लँडिंगच्या कडेवरच एका उंचीला भेटतील. नाहीतर फ्लाइट तशाच ठेवा आणि दोन्ही दांडे अर्धा ट्रेड, म्हणजे 125, लँडिंगवर पुढे न्या. तिथे एक अर्धा रायझर चढलेला आणि दुसरा अर्धा उतरलेला असतो, म्हणून तिथेही उंची जुळते. वळण तिथे द्या. उभा तुकडा लागत नाही.

सावलीबद्दल रेंडरवेडा अर्धे बरोबर आहेत. 10 अंशांवर दोन मीटर लांबच्या सावलीची कड साडेतीनशे मिमी पसरते, त्यात पट्टे बुडालेच असते. पण काळा डाग ही चूकच नाही. ऊन 45 अंशांवर आणि जिन्याच्या रेषेत आहे असं धरा. एका फळीची सावली 280 अधिक जाडीचे 40, म्हणजे 320. खालची फ्लाइट उन्हाच्या दिशेनेच चढते, म्हणून पुढच्या फळीची सावली 250 अधिक 175, म्हणजे 425 पुढे पडते. मधे 105 चा उजेड राहतो. वरची फ्लाइट उन्हाच्या तोंडावर चढते. तिथे 175 वजा होतात, आणि प्रत्येक सावली आधीच्या सावलीपासून फक्त 75 सरकते. आठही सावल्या एकमेकींवर बसून जेमतेम 845 चा डाग होतो. फळ्यांमध्ये फट आहे, पण त्या बाजूने येणाऱ्या उन्हाला ती सापडतच नाही. 14 अंशांच्या खाली, अगदी मावळतीच्या उन्हातच या बाजूला पट्टे येतील.

रेंडरवेडा

हे मी कधी मोजलंच नव्हतं. आत्ता दोन मॉडेलवर सूर्य फिरवून पाहिला, खरंच तसंच होतं. पण मग क्लायंटसाठी तिथे एक छोटा Area लाइट लावून पट्टे आणले तर?

सुतारपक्षी

नको. त्या पट्ट्यांची दिशा खालच्या पट्ट्यांशी जुळणार नाही. जवळच्या दिव्याच्या सावल्या पंख्यासारख्या फाकतात, उन्हाच्या सावल्या मात्र एकमेकींना समांतर राहतात. नेमकं काय चुकलं हे क्लायंटला सांगता येणार नाही, पण चुकलंय एवढं दिसेल. मुंबईत मार्चअखेर दुपारी साडेतीनच्या सुमाराला ऊन पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांवर असतं आणि पश्चिमेपासून थोडं दक्षिणेकडून येतं. तीच दिशा द्या. सावल्या जराशा तिरक्या सरकतील आणि खऱ्या वाटतील.

मृदुला_मुलुंड

पायऱ्या दुरुस्त केल्या, फरक लगेच दिसला. अडलंय ते हँडरेलवर. खिडकीकडे फक्त 200 मिमी मोकळे आहेत, त्यामुळे वरची फ्लाइट 250 सरकत नाही. दांडा 125 पुढे नेला तर वळणावर लँडिंगचे 875 उरतात आणि फ्लाइट 900 ची आहे. शिवाय घरात दोन वर्षांची मुलगी आहे आणि उघडी फट 135 ची, म्हणून फळीच्या पुढच्या कडेखाली 40 ची पट्टी लावायचा विचार आहे. मग उजेड 105 वरून 65 वर येतो, बरोबर ना?

सुतारपक्षी

65 बरोबर. हीच पट्टी फळीच्या मध्यावर, खालून लावलीत तर फट 95 चीच होईल आणि 45 अंशांच्या उन्हात उजेड 105 च राहील, कारण ती फळीच्याच सावलीत लपते. 875 चं मात्र मी इथे बसून ठरवणार नाही. सामान वर न्यायचं आहे, कपाटं कुठल्या मापाची आहेत ते विचारा आणि लोखंड कापायच्या आधी साइटवर खडूने आखून बघा.

लालबागकर

आईला उभं करून बघितलं. तिला 850 सोपा वाटतोय. तेवढाच लावू का?