मागची गाडी गाठते कशी?

"रेसिंग गेममध्ये शेवटच्या लॅपला मागची गाडी गाठतेच. माझा ड्रिफ्ट चुकतो काय?"

ड्रिफ्टला दोष देऊ नका की. गेममध्ये वळणावर गाडी अशी घसरवली, की तिचं तोंड आधी वळतं, वेगाची दिशा मागून हळूहळू येते. वेग फारसा घटत नाही.

खरी गोम अंतरात आहे, मागे पडलेल्याला गेमच वेग वाढवून देतो. समजा दोघेही ताशी 180 किमीने चाललाय, तुम्ही 200 मीटर पुढे. गेमने मागच्याला दहा टक्के वेग वाढवून दिला, की तो 198 वर. सेकंदाला 5 मीटर अंतर तुटतं, 40 सेकंदांत गाठलंच! बहुतेक वेळा जवळ येता येता ही वाढ उतरत जाते, म्हणून तो शेपटासारखा चिकटून राहतो.

निपाणीला आम्ही भावाभावांनी मोबाईलवर वेळ लावून बघितलं. मुद्दाम एक लॅप रमतगमत काढला, तर पुढच्या गाड्याही रेंगाळल्या. तेव्हापासून मी बूस्ट शेवटच्या वळणाला राखून ठेवतो.