'कॉम्पेन्सेटिंग ट्रान्झॅक्शन'ला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळावाला:
टीमसाठी सागा पद्धतीवर मराठीत टिपण लिहितोय. डेटाबेसमधलं लांबलचक काम एकाच मोठ्या कमिटमध्ये, म्हणजे एकदम पक्कं नोंदवून, करायचं नाही, तुकड्या-तुकड्यानं करायचं, पुढं बिनसलं की झालेल्या प्रत्येक तुकड्याला एक कॉम्पेन्सेटिंग स्टेप. मी 'भरपाई' लिहिलं तर एकजण म्हणाला भरपाई पुरात घर पडल्यावर मिळते ती. मग काय लिहू?

निशिगंधा:
रोलबॅकच लिहा की, सगळ्यांना कळतंय. शुद्ध मराठीच्या नादात वाचणारा पळतो.

रंकाळावाला:
नाही ताई, रोलबॅकमध्ये अर्धवट काम बाहेर कुणाला दिसलेलंच नसतं, इथं दिसलेलं असतं. आमच्या गुळाच्या ऑर्डरीचं बघा. 20 रवे राखून ठेवले, कमिट. पैसे घेतले, कमिट. आणि ट्रकच मिळाला नाही. मग उलट्या क्रमानं आधी पैसे परत, मग रवे मोकळे. पण मधल्या वेळात सांगलीच्या गिऱ्हाइकाला 'माल शिल्लक नाही' दिसलं आणि तो गेला, त्याला कसा परत आणायचा? सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातलं तर ट्रक ठरेपर्यंत स्टॉकच्या ओळीला लॉक, बाकीचे ताटकळत.

मिसळप्रेमी:
सागा म्हणजे सरळ 'बखर' म्हणा. आणि सागा नि 'सांगणे' एकाच मुळातले असणार, माझी खात्री हाय.

निशिगंधा:
सागा जुन्या नॉर्समधला, इंग्रजी 'से'च्या नात्यातला. कानाला जुळलं म्हणून नातं लागत नाही. आणि प्रश्न तो नव्हताच.

किर्दखतावणी:
मी मार्केट यार्डात अडत दुकानात 22 वर्षं दिवाणजी होतो. किर्दीत खाडाखोड चालत नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या नावे चुकून 4,500 पडले तर त्याच खाती 4,500 जमा करायचे, तपशिलात लिहायचं 'ता. 12 ची नोंद उलटवली'. दोन्ही ओळी तशाच राहतात. आम्ही याला 'उलट नोंद' म्हणतो. तुमचंबी हेच चाललंय की.

रंकाळावाला:
काका, अगदी हेच! 1987 च्या मूळ पेपरात गार्सिया-मोलिना आणि सेलम यांचंही म्हणणं हेच, की अर्थाच्या दृष्टीनं काम उलटतं, पण डेटाबेस पहिल्या स्थितीत येईलच असं नाही.

निशिगंधा:
पैशाला ठीक आहे. पण 'तुमचा माल निघाला' असा एसेमेस गेला तर त्याची उलट नोंद कशी करणार? दुसरा माफीचा पाठवायचा, ती भरपाईच झाली ना?

मिसळप्रेमी:
आमच्याकडं तर पैसे परत करणारी स्टेपच अडकली होती. उत्तर आलं नाही म्हणून सिस्टीमनं परत पाठवली, आणि गिऱ्हाइकाला रक्कम दोनदा गेली. आता प्रत्येक परताव्याबरोबर ऑर्डर नंबर जातो, त्या नंबरावर आधी झालाय का ते बघूनच पैसे सुटतात.

किर्दखतावणी:
म्हणून तर उलट नोंदीत मूळ नोंदीची तारीख लागते. नाहीतर दुसरा दिवाणजी तीच परत उलटवतो.

रंकाळावाला:
मग एसेमेस अगदी शेवटी ठेवतो, ट्रक नक्की झाल्यावरच. पैसे आणि मालाला 'उलट नोंद' लिहितोय. पण ट्रक ठरवून मग रद्द केला आणि ट्रकवाल्यानं अर्धं भाडं कापलं, तर त्या स्टेपला काय म्हणायचं? तिथं तर उलटून पूर्ण होत नाही.

निशिगंधा:
तिथं परत 'भरपाई' आलीच की हो.