मदत हवी आहे: सिद्धतेची एकेक पायरी पीडीएफमध्ये वेगळ्या पानावर कशी आणू?

गणित शिकवते. 26 वर्षांच्या फळ्यावरच्या टिपणांच्या वह्या ऑनलाइन वर्गासाठी पॉवरपॉइंटमध्ये उतरवतेय. गाडी अडलीय वर्गसमीकरणाच्या सूत्रापाशी.

फळ्यावर मी एक ओळ लिहायचे, थांबायचे, दोन्ही बाजूंना b²/4a² का मिळवायचं ते मुलांकडूनच काढून घ्यायचे. वहीत तिथे नुसतं ‘थांब’ लिहिलंय. स्लाइडवर सातही ओळी एकदम दिसल्या की मुलं थेट शेवटची उतरवून घेतात.

प्रत्येक ओळीला Appear अ‍ॅनिमेशन दिलं. वर्गात छान चाललं, पण पीडीएफ केल्यावर सगळ्या ओळी एकाच पानावर आल्या. मग स्लाइडच्या सात प्रती करून खालच्या ओळी काढत गेले. पीडीएफ नीट झाली. पण दुसऱ्या ओळीत चिन्ह चुकलेलं निघालं आणि सहा ठिकाणी दुरुस्त करावं लागलं. अशा सिद्धता चाळीसेक आहेत!

पीडीएफ लागतेच, वर्ग चुकलेली मुलं ती मोबाइलवर वाचतात. व्हिडिओ त्यांना जड जातो. लाटेक मला येत नाही.

मूळ स्लाइड एकच ठेवून अ‍ॅनिमेशनची प्रत्येक पायरी पीडीएफमध्ये वेगळं पान म्हणून काढता येते का? कशी?