फोन आधी, मेल नंतर

"मुलाखतीतून माघार घ्यायचीय, नुसता मेल टाकला तर चालेल ना?"

चालेल, पण आधी फोन करा. बीकेसीतल्या एका कंपनीत माझी शेवटची फेरी गुरुवारी होती. सोमवारी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, कल्याणहून रोजची ये-जा अशक्य झाली. मंगळवारी सकाळीच एचआरच्या मॅडमना फोन केला, मग दोन ओळींचा मेल: घरच्या अडचणीमुळे माघार घेतोय, गुरुवारची वेळ दुसऱ्या कोणाला द्यावी. आजाराचं रामायण नाही लिहिलं. त्या म्हणाल्या, बरं झालं आत्ताच कळवलंत, दुसऱ्या उमेदवाराला अजून नकार गेलेला नाही. ऑफर स्वीकारून मग कळवलं असतं, तर तोही हातचा गेला असता.

मेलमध्ये 'सध्या जमणार नाही' लिहू नका. 'सध्या' वाचून ते तुमच्यासाठी थांबतात.