हायलाइट रीलला मराठीत काय म्हणाल? आणि ‘क्यू’ला, म्हणजे कुठला तुकडा घ्यायचा ते ज्यावरून कळतं त्याला?

कातरकाम: कंपनीतल्या ट्रेनिंगचं ७४ मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, त्यातून ३ मिनिटांची फिल्म आपोआप जुळवणारी स्क्रिप्ट लिहितोय, ट्रान्सक्रिप्ट आणि स्लाइड कधी बदलली या दोन गोष्टींवरून. सोबतची माहिती मराठीत द्यायची आहे आणि मी ‘सारांश’ लिहिलं तर टीममधली एकजण म्हणाली चुकीचं आहे. मग काय लिहू?

दुपारची_झोप: इतिवृत्त म्हणा की, आमच्याकडे मीटिंगचं तेच लिहितात.

कातरकाम: अहो ते लिखित असतं, कोण काय बोललं त्याची नोंद. इथे व्हिडिओचे तुकडे आहेत.

जुनी_पाटी: तुमची सहकारी बरोबर बोलतेय. सारांश किंवा गोषवारा म्हणजे आपण आपल्या शब्दांत आटवून सांगितलेलं. तुमची स्क्रिप्ट एकही नवं वाक्य तयार करत नाही, बोलणाऱ्याचीच वाक्यं उचलते, म्हणजे ते ‘वेचे’ झाले. क्षणचित्रे म्हटलं तर लोकांना सभेतल्या गमतीजमती आठवतील आणि ‘झलक’ म्हणजे पुढे काय येणार त्याची चुणूक.

टकटक: शब्द राहू दे, काम सोपं आहे. स्लाइड बदलली की पुढचे १५ सेकंद घ्यायचे, ट्रेनर मुद्दा तिथेच सांगतो.

कातरकाम: तेच केलं होतं पहिल्यांदा! एक तुकडा सुरू झाला तो थेट “म्हणून ते कधीच करायचं नाही” इथून. ते म्हणजे काय ते कुणालाच कळेना. बघितलं तर स्लाइड ३१:१२ ला बदललेली, पण बाई ३१:०४ पासूनच नव्या मुद्द्यावर बोलत होत्या, बटण मागाहून दाबलं.

जुनी_पाटी: टकटक यांचं अर्धं बरोबर आहे, स्लाइड कुठे बघायचं ते सांगते, कुठे कापायचं ते नाही. कापायची जागा ट्रान्सक्रिप्टमधून घ्या, वाक्य जिथे सुरू होतं तिथून, आणि वाक्य ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘हे’, ‘ते’ने सुरू होत असेल तर आधीचं वाक्यही जोडा. आणि इथेच तुमच्या ‘क्यू’चं उत्तर आहे असं मला वाटतं. इशारा कुणीतरी कुणालातरी मुद्दाम देतं, “लक्षात ठेवा, सगळ्यात जास्त चूक इथेच होते” हा इशारा. स्लाइड बदलणं आपल्यासाठी केलेलं नसतं, आपण नंतर तिच्यावरून ओळखतो, ती ‘खूण’.

रंगपट: नाटकात आम्ही क्यूच म्हणतो, समोरच्याचं शेवटचं वाक्य, ते आलं की आपण बोलायचं. खूण-इशारा हा भेद आवडला पण बोलताना कोण पाळणार?

कातरकाम: इशाऱ्यात पण गोची झाली. आमच्या ट्रेनर बाई दर दोन मिनिटांनी “लक्षात ठेवा” म्हणतात, ती सवयच आहे त्यांची, आणि तुकडे निवडायला स्क्रिप्ट गुण देते त्यात मी त्यालाही गुण ठेवले होते. आता जो शब्दप्रयोग पूर्ण रेकॉर्डिंगभर पसरलाय त्याचं वजन कमी करतो. आणि सगळ्यात जास्त गुण कुणाला पडले? सुरुवातीच्या ‘आज काय बघणार’ स्लाइडला, कारण फिशिंग, पासवर्ड, पेनड्राइव्ह सगळे शब्द तिच्यावर एकदम! तिथे शिकवलं काहीच नव्हतं. ती आणि शेवटची आभाराची, दोन्ही बाहेर काढल्या.

टकटक: स्लाइड बदलली हे कळतं कसं पण? माझ्याकडे सारखं चुकतं, एका स्लाइडचे पाच बदल दाखवतं.

कातरकाम: एकेक ओळ सरकत येणारी स्लाइड असेल, नाहीतर कोपऱ्यातला ट्रेनरचा चेहरा हलत असेल. आमच्याकडे चेहरा उजव्या पट्टीत आहे म्हणून आधी क्रॉप केलं, आणि सगळ्या स्लाइड एकाच साच्यातल्या म्हणून किती फरक पडला की बदल धरायचा ती मर्यादा चित्रपटासाठी ठेवतात त्यापेक्षा खाली:

```
ffmpeg -i training.mp4 -vf "crop=1440:1080:0:0,select='gt(scene,0.1)',showinfo" -an -f null -
```

`showinfo` मधला `pts_time` म्हणजे बदलाची वेळ. ५ सेकंदांच्या आत आलेले बदल मी एकच धरतो. कापताना मात्र `-c copy` नको, ते कीफ्रेमवरच कापतं आणि स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये कीफ्रेम बरेच लांब लांब असू शकतात, मग आधीचं नको असलेलं बोलणं पण येतं.

दुपारची_झोप: एका स्लाइडवर जास्त वेळ थांबले म्हणजे ती महत्त्वाची ना?

जुनी_पाटी: किंवा चहाची सुट्टी. त्या वेळात शब्द किती बोलले गेले ते मोजा. मला विचाराल तर मागे जाऊन पुन्हा उघडलेली स्लाइड जास्त बोलकी, बहुतेक वेळा कुणीतरी प्रश्न विचारलेला असतो.

कातरकाम: हे तपासलंच नव्हतं, बघतो. मग ‘वेचे’ ठेवू? टीममधले दोघं म्हणतात शाळेच्या पुस्तकासारखं वाटतं.

रंगपट: ‘ठळक भाग’ ठेवा.

जुनी_पाटी: ठळक कुणी ठरवलं पण? स्क्रिप्टने वेचलंय, ठळक आहे का ते बघणाऱ्याला ठरवू द्या.